क्लायंटला निरोप देणारं पत्र : शिव्या खाऊन झाल्यावर काय लिहायचं?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की क्लायंट आपल्या लोकांशी वाईट वागतो, तर त्याला सोडायचं कसं? आज मी आम्ही पाठवलेलं पत्रच समोर ठेवतो.

आमची पुण्यातली पाच जणांची टीम. एका कंपनीचं ऑर्डरिंग ॲप आम्ही दीड वर्ष सांभाळत होतो. तिथले मालक रात्री अकराला कॉल लावायचे, आणि एकदा आमच्या ज्युनिअर टेस्टरला सगळ्यांसमोर "अक्कल गहाण ठेवलीस का" म्हणाले. ती कॅमेरा बंद करून रडत होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मेल केला : असं बोलणं आम्हाला चालणार नाही, परत झालं तर काम थांबवावं लागेल. तीन आठवड्यांत परत झालं, तेही तिच्याच बाबतीत.

पत्राचा माझा पहिला ड्राफ्ट दोन पानांचा होता. कोणत्या तारखेला कोणाला काय बोलले, सगळी यादी. रात्री लिहिताना फार बरं वाटलं. सकाळी वाचलं तेव्हा कळलं, की प्रत्येक ओळीवर समोरचा वाद घालू शकतो. "मी असं म्हणालोच नाही," "तुमच्या मुलीनेच चूक केली होती." मग महिनाभर तेच चालणार, आणि त्यात तिचंच नाव येत राहणार. यादी मी आमच्याकडे जपून ठेवली, पत्रातून काढली. कारण आधीच्या मेलमध्ये एकदा लेखी सांगितलेलं होतं, तेवढं पुरेसं होतं.

खोटं कारणही लिहू नका. "आम्ही सध्या बिझी आहोत" असं लिहिलं, तर उत्तर येतं, "थांबतो मी दोन महिने." "परवडत नाही" लिहिलं, तर ते रेट वाढवून देतात. मग नाही म्हणायला तोंड राहत नाही. करारात कारण न देता नोटीस देण्याचं कलम असेल तर तेच वापरायचं. आमच्याकडे ते ३० दिवसांचं होतं. तुमच्या करारात नसेल, तर आधी वकिलाला दाखवा.

शेवटी गेलेलं पत्र असं होतं :

"सप्रेम नमस्कार. आपल्या करारातील नोटीसच्या कलमानुसार आम्ही हे काम ३० जूनला थांबवत आहोत. ही आजपासून, म्हणजे ३१ मेपासून, ३० दिवसांची नोटीस आहे. सुरू असलेला रिलीज आम्ही पूर्ण करू, नवीन काम घेणार नाही. १५ जूनपर्यंत कोड, सर्व्हर आणि डोमेनचा ताबा व कागदपत्रं आपल्या माणसाकडे देऊ. त्यानंतरचे १५ दिवस त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ. या काळात सर्व संपर्क फक्त माझ्याशी, ईमेलवर ठेवावा. मे आणि जूनची बिलं करारातील मुदतीनुसार द्यावीत. पेमेंटचा भाग बांधताना आम्हाला बरंच शिकायला मिळालं, त्याबद्दल आभार."

यात सगळ्यात महत्त्वाची ओळ संपर्काची आहे. नोटीसचे ३० दिवस हेच सगळ्यात जोखमीचे असतात, कारण राग आता खाली, ज्युनिअरवर निघतो. त्या दिवसापासून टेस्टरला कॉलवर बसवलं नाही, चॅट ग्रुपमधून काढलं. आभाराची ओळ मात्र खरी हवी. "आपल्यासोबत काम करणं आनंदाचं होतं" असं लिहिलं असतं, तर ती वाचून हसली असती.

पत्र गेल्यावर वीस मिनिटांत फोन आला. उचलला नाही. मेल आला, शिव्यांसकट. मी उत्तर दिलं, "आपला मेल मिळाला. कोडचा ताबा कोणाकडे द्यायचा ते ७ जूनपर्यंत कळवावं." शिव्यांना उत्तर नाही, कामाला आहे.

एक मोह मात्र आवरा. मेचं बिल थकलं होतं, आणि सर्व्हरच्या चाव्या आमच्याकडे होत्या. मित्र म्हणाला, "पैसे येईपर्यंत चाव्या देऊ नकोस." पण ॲपवर लोकांच्या ऑर्डरी चालू असताना ते अडवलं, तर नुकसानीचा दावा आपल्यावर येऊ शकतो, आणि सगळी गोष्ट एका दिवसात उलटी होते. आम्ही ताबा दिला, "मिळालं" असा लेखी मेल मागून घेतला, त्यांना सगळे पासवर्ड बदलायला सांगितलं. पुढे काही बिघडलं तर बोट आपल्याकडे येऊ नये म्हणून.

मेचं बिल ऑगस्टमध्ये आलं, जूनचं अर्धंच. उरलेल्याची दोन स्मरणपत्रं पाठवली, मग सोडलं. तो तोटा झाला, खोटं कशाला सांगू. पण आता आमच्या नवीन करारात दोन ओळी जास्त असतात : महिन्याचं बिल आगाऊ, आणि टीमशी अपमानास्पद वागणूक झाली तर सात दिवसांत करार संपवता येईल.

टेस्टर अजून आमच्याकडेच आहे. नवीन क्लायंटच्या पहिल्या कॉलला तिने कॅमेरा चालू ठेवला. भेटू पुढच्या एपिसोडला.