कंपोस्ट आणि कार्बन क्रेडिट

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतकं टळलेलं उत्सर्जन. कंपोस्ट प्रकल्पाला ते खत बनवल्याबद्दल मिळत नाही. तोच ओला कचरा डेपोत हवेविना कुजला असता तर जो मिथेन निघाला असता, त्याबद्दल मिळतं. म्हणून पहिला प्रश्न असा की, कचरा एरवी कुठे गेला असता? पाच मीटरपेक्षा खोल ढिगात हवा पोहोचत नाही, उथळ ढिगात थोडी पोहोचते. त्यामुळे उथळ ढिगाचा मिथेन खोल ढिगाच्या निम्माच धरतात. रोज एक टन अन्नकचऱ्याचं उदाहरण घेऊ. उथळ ढीग धरला आणि कंपोस्ट करताना निघणारे वायू वजा केले, तर वर्षाच्या कचऱ्यामागे ढोबळमानाने दीडशे क्रेडिट होतात. तीही एकदम नाहीत, कारण कचरा हळूहळू कुजतो आणि हिशेब वर्षावर्षाने धरतात.

मग छोटे प्रकल्प पात्र आहेत का? नियमाने आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या लघुप्रकल्प पद्धतीत वर्षाला 60,000 टन उत्सर्जन-कपातीची कमाल मर्यादा आहे, किमान नाही. अडतं ते खर्चावर: नोंदणी आणि स्वतंत्र पडताळणीचा खर्च एवढ्या क्रेडिटांतून निघणं कठीण. यावर उपाय म्हणजे अनेक प्रकल्पांची एकत्र नोंदणी. पण प्रत्येक ठिकाणी वजनाच्या नोंदी हव्यातच. कोणी म्हणेल, कायद्यानेच कंपोस्ट सक्तीचं असेल तर क्रेडिट कशाला? आक्षेप रास्त आहे. जिथे सक्ती खरोखर पाळली जाते, तिथे प्रकल्पामुळे जादा काही टळलं असं म्हणता येत नाही.