अण्णांच्या वह्या
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला 'सॉफ्टवेअर क्षेत्रातले अनुभव' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी तो विषय थोडा बदलून घेतला आहे. आपल्या फाटकासमोरच्या किराणा दुकानाची एक छोटी गोष्ट सांगते. अण्णांनी परवानगी दिली ती एका अटीवर: दुकानाचं नाव घ्यायचं नाही. इथे त्याची गरजही नाही. पेनात शाई भरून घ्यायला आणि आवळा सुपारीला आपण सगळेच तिथे उभे राहिलो आहोत.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पुण्याहून गावी आले होते. अण्णांनी निरोप धाडला, "पोरीला म्हणावं, घडीभर येऊन जा. इंग्रजी कागद आलाय."

कागद चौदा पानांचा होता. एका मोठ्या कंपनीला गावात शाखा काढायची होती आणि त्यासाठी अण्णांचं दुकान हवं होतं. नुसती जागा नव्हे, चालतं दुकान. अण्णांच्या आजोबांनी ते सुरू केलेलं. अण्णा आता सत्तरीत, गुडघे दुखतात, मुलगा हैदराबादला नोकरीत रमलेला. मी गल्ल्याशेजारच्या पोत्यावर बसून कागद वाचला आणि मागच्या पानावरचा हिशोब त्यांना समजावून सांगितला. जागेचे 66 लाख. मालाचे खरेदीच्या भावाने 7 लाख 40 हजार. दुकानाच्या नावलौकिकाचे 14 लाख 40 हजार. ते कसे, तर गेल्या तीन वर्षांचा सरासरी नफा 4 लाख 80 हजार, त्याची तिप्पट. आणि येणं असलेल्या उधारीचे 4 लाख 20 हजार. एकूण 92 लाख.

मी म्हटलं, "अण्णा, हे पैसे बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तरी वर्षाला 6 लाख 44 हजार व्याज येईल. दुकानात दिवसभर उभं राहून तुम्हाला 4 लाख 80 हजार मिळतात. विकून टाका."

अण्णांनी मान हलवली. मग विचारलं, "उधारी 4 लाख 20 कशी? माझ्या खतावणीत 11 लाख 40 हजार येणं आहे."

हे उत्तर मला पाठ होतं, कारण असला हिशोब करणारा प्रोग्राम मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत स्वतः लिहिलेला होता. उधारीचं वय मोजायचं. तीस दिवसांच्या आतली, साठच्या आतली, नव्वदच्या आतली, असे कप्पे करायचे. नव्वद दिवस ओलांडले की ती रक्कम बुडीत समजून शून्य धरायची. अण्णांची 7 लाख 20 हजार उधारी नव्वद दिवसांच्या पुढची होती. मी ते सांगितलं, आणि वर हेही म्हटलं की हा नियम जगभर चालतो.

"आज तारीख काय?" अण्णांनी विचारलं.

"पंचवीस सप्टेंबर."

"नव्वद दिवस मागं मोज."

मोजलं. सत्तावीस जून. आणि माझं मलाच लक्षात आलं. तुम्ही बहुतेक शेतकऱ्यांचीच मुलं आहात, तुमच्याही आलं असेल. सत्तावीस जूनच्या आधी आपल्याकडे काय असतं? मे महिन्यात लग्नं. जूनमध्ये बी-खत, पेरणी आणि शाळा उघडणं. पैसा सगळा जातो आणि येत काहीच नाही. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास निघतं. ते आडतीवर जातं, आडत्याची पट्टी हातात पडते आणि मग माणूस दुकानात येऊन बाकी चुकती करतो. म्हणजे कंपनीने वर्षातला नेमका तो आठवडा धरला होता, जेव्हा आपल्या गावातला प्रत्येक माणूस कागदावर बुडवा दिसतो. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. माझ्यासारख्याच कुणी लिहिलेल्या प्रोग्रामला सुगी माहीत नव्हती, एवढंच.

मी लॅपटॉप उघडला. म्हटलं, "अण्णा, वय राहू द्या. कोणतं खातं कोणत्या पिकावर आहे ते सांगा." अण्णांनी लाल कापडाची खतावणी मांडीवर घेतली. मी वाकून पाहायला लागले, तर त्यांनी डावा तळवा पानाच्या डोक्यावर ठेवला. नाव झाकलं.

"नाव कशाला पाहिजे तुला? पान नंबर घे, रक्कम घे."

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी 214 खाती उतरवली. नावांच्या जागी पान क्रमांक. नव्वद दिवसांपुढच्या 7 लाख 20 हजारांपैकी 5 लाख 10 हजार सोयाबीनवर होते. 1 लाख 5 हजार तुरीवर, म्हणजे ते जानेवारीशिवाय येणार नाहीत. 45 हजार सुगीच्या मजुरीवर. उरलेल्या 60 हजारांपुढे अण्णांनी काहीच सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "हे अवघड आहे."

मी खूश झाले. आता कंपनीला हा तक्ता दाखवायचा आणि किंमत सहा लाखांनी वाढवून घ्यायची. अण्णा म्हणाले, "किंमत त्यांची बरोबरच आहे गं. मला दुसरंच विचारायचंय. साहेब उद्या येणार आहेत. तूही ये."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साहेब कसले, तिशीतला मुलगा. नम्र, अभ्यास करून आलेला. अण्णांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, प्रवासाची चौकशी केली. मग चष्मा लावून म्हणाले, "साहेब, अकरावं पान. ते जरा मराठीत सांगा."

अकराव्या पानावर दोन गोष्टी होत्या. गिऱ्हाइकांची यादी, म्हणजे नाव, मोबाइल नंबर आणि बाकी, कंपनीला द्यायची. आणि सगळं येणं कंपनीच्या नावे करून द्यायचं. मुलाने सरळ सांगितलं की कायद्याने असं करता येतं. लेखी दस्त केला की येणं दुसऱ्याच्या नावे होतं, त्याला देणेकऱ्याची संमती लागत नाही. त्याला नोटीस द्यायची, म्हणजे त्याने पुढे पैसे कंपनीला द्यायचे.

"म्हणजे नोटीस यांच्या घरी जाणार?"

"हो. आधी मेसेज जाईल. साठ दिवसांत भरले नाहीत तर वसुली विभागाचा माणूस येईल."

"सोयाबीन निघेपर्यंत थांबता येईल?"

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "काका, खरं सांगतो. सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही."

मी मान खाली घातली. तो पर्याय का नसतो, हे त्या खोलीत मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं. प्रोग्राम लिहिताना कोणी तो मागितलाच नव्हता आणि मी विचारलं नव्हतं.

अण्णांनी उठून फळीवरून एक जुनी खतावणी काढली. 2015-16 सालची. ते साल तुम्हाला सांगायला नको. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्यांनी एक पान उघडलं आणि पुन्हा तळवा नावावर ठेवला. बाकी 38 हजार. खाली चार वर्षं एकही जमा नाही. मग 2020 साली एका तारखेला पूर्ण 38 हजार जमा.

"कायद्याने हे तीन वर्षांत संपलं होतं, बरोबर ना साहेब? दावा करता आला नसता."

"बरोबर. मुदत गेली होती."

"पोराला नोकरी लागली, तसा बाप आला. पैसे मोजून दिले आणि पानावर काट मारून घेतली. मधली चार वर्षं तो या रस्त्यानं जात नव्हता. मागच्या गल्लीनं जायचा. मी कधी हाक मारली नाही." अण्णा थांबले. "आता सांगा, हे पान मी तुम्हाला कसं देऊ? पैसे माझे होते, ते मी सोडू शकतो. पण तो अडचणीत होता हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं."

मुलाने आणखी एक प्रयत्न केला. वसुली तुम्हीच करा, दिवाळीआधी खाती बंद करून द्या, कंपनी उधारीशिवाय दुकान घेईल. अण्णांनी तेही ऐकून घेतलं. म्हणाले, "दिवाळीआधी मागायला गेलो, तर माणूस सोयाबीन ओलं असतानाच आडतीवर नेईल. ओल्याला भाव पडतो. माझे दोन हजार वसूल व्हायला त्याचे पाच हजार जातील. नाही साहेब. तुमचा कागद चांगला आहे, किंमत चांगली आहे, तुम्ही माणूसही चांगले आहात. पण यावेळी जमायचं नाही."

आवाज चढला नाही, कंपनीला नावं ठेवली नाहीत. मुलाला बसपर्यंत सोडायला दुकानातला पोरगा पाठवला आणि सोबत किलोभर शेंगदाणे बांधून दिले. मुलाने पैसे काढले, तर अण्णा म्हणाले, "राहू द्या. तुमचं खातं नाही इथं."

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, या नकाराने अण्णांना नुकसान झालं, हे लपवत नाही. व्याजाचा आणि नफ्याचा फरक मी मघाशी सांगितला; वर्षाला 1 लाख 64 हजारांचा. आमचा तक्ताही तंतोतंत खरा ठरला नाही. फेब्रुवारीअखेर 7 लाख 20 हजारांपैकी 6 लाख 35 हजार आले. अण्णांनी 60 हजार अवघड म्हटले होते, प्रत्यक्षात 85 हजार राहिले. पण कंपनीच्या हिशोबात ते सगळे 7 लाख 20 हजार शून्य होते.

पुण्याला परतल्यावर मी एक काम केलं. आमच्या प्रोग्राममध्ये उधारीच्या मुदतीसाठी दिवसांऐवजी हंगाम निवडता येईल अशी सोय सुचवली. वरिष्ठांनी विचारलं, किती ग्राहकांनी मागणी केली आहे? मी म्हटलं, एकाने, आणि तो आपला ग्राहक नाही. सूचना अजून यादीतच आहे. दर तीन महिन्यांनी मी ती पुन्हा वर सरकवते.

अण्णांना मात्र पुढचं दिसत होतं. दुकान कधीतरी विकावं लागणार, हे त्यांना मान्य आहे. पुढच्या पाडव्यापासून त्यांनी नवीन खातं उघडणं बंद केलं. जुनी खाती एकेक चुकती होत आहेत. 214 ची आता 71 राहिली आहेत. शेवटच्या पानावर काट पडली की रिकामी जागा विकायची, तीही कमी भावात, कारण चालत्या दुकानाचे ते 14 लाख 40 हजार तेव्हा कोणी देणार नाही. हा हिशोब त्यांनी स्वतः पेन्सिलीने करून मला दाखवला.

ती 71 खाती कुणाची, मला माहीत नाही. तक्त्यात माझ्याकडे फक्त पान क्रमांक आहेत. पण आज आपण इतके जण इथे जमलो आहोत. जेवण झाल्यावर फाटकाबाहेर पडाल तेव्हा समोर जाऊन या. अण्णा बारा ते चार दुकान बंद ठेवतात. आज तुमच्यासाठी उघडं ठेवणार आहेत.