चराच्या काठावरून

आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी स्थापत्यशास्त्र शिकत असेल, तर बांधकामावरील सुरक्षेचा आराखडा त्यांना प्रकल्प म्हणून करावा लागत असेल. असे आराखडे मी तपासतो. त्यांतील एक उदाहरण आज सांगावयाचे आहे.

दोन चाळींमधील 5 मीटर रुंदीच्या गल्लीत, सांडपाण्याच्या नळासाठी 40 मीटर लांब, 1 मीटर रुंद व अडीच मीटर खोल चर खणावयाचा होता. विद्यार्थ्याने लिहिले : "धोका – माती ढासळणे. उपाय – शिरस्त्राण. जबाबदारी – सर्वांची." तिन्ही उत्तरे सदोष होती. एक घनमीटर माती सुमारे दीड टन किंवा त्याहून अधिक भरते. ती छातीवर दाबून बसली म्हणजे माणसाचा श्वास कोंडतो. तेथे शिरस्त्राण काय करणार?

मी त्याला प्रत्यक्ष जागा पाहून यावयास सांगितले. परत आल्यावर तो म्हणाला, "शेजारून जुन्या नळाचा बुजविलेला चर जातो." हीच खरी धोक्याची ओळख. एकदा उकरलेली माती पूर्ववत घट्ट होत नाही, आणि पावसाचे पाणीही तिच्यातूनच झिरपते.

आता उपाय. दीड मीटर वा अधिक खोल चराच्या बाजू उतरत्या कापाव्यात किंवा फळ्या व अडसर लावून धरून ठेवाव्यात, असा केंद्रीय बांधकाम खात्याचा नियम आहे. येथे खोलीइतकाच उतार दिला, तर वरची रुंदी 6 मीटर होते. गल्ली तर पाचच मीटर! तेव्हा फळ्यांवाचून गत्यंतर नाही. उपसलेली माती काठापासून दीड मीटर, अथवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे अधिक असेल तितकी दूर हवी. चर मधोमध घेतला, तर दोन्हीकडे दोन-दोन मीटरच उरतात. म्हणजे माती गाडीने अन्यत्र नेणे आले. शिवाय दर 30 मीटरांस एक, याप्रमाणे दोन शिड्या हव्यात.

फळ्या, अडसर व गाडीभाडे यांस पैसा लागतो. तो अंदाजपत्रकात वेगळा मांडला नाही, तर स्वस्तात निविदा भरणारा ठेकेदार प्रथम फळ्याच गाळतो. म्हणून पहिली जबाबदारी अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याची. दुसरी, रोज सकाळी व प्रत्येक पावसानंतर, मजूर उतरण्यापूर्वी चर तपासणाऱ्या जाणकार पर्यवेक्षकाची. काठाला समांतर भेग, फुगलेली बाजू किंवा सैल झालेला अडसर दिसताच सर्वांना वर काढून काम थांबविण्याचा अधिकार त्याला लेखी दिलेला असावा. नाहीतर मुकादमाला भेग दिसते, पण काम थांबविण्याचे धैर्य होत नाही.

त्या विद्यार्थ्याने आराखडा पुन्हा लिहिला. "सर्वांची" हा शब्द खोडून त्याने तेथे दोन हुद्दे आणि तपासणीची वेळ लिहिली. मी त्याला उत्तीर्ण केले ते त्या खाडाखोडीसाठी.