दुसऱ्यांदा खेळलेला प्रवेश



शाळेतल्या नाट्यतासाचं नेहमीचं चित्र सगळ्यांच्या परिचयाचं आहे. शिक्षक विषय देतात: ‘पर्यावरण’, ‘मोबाइलचे दुष्परिणाम’, ‘आईचं महत्त्व’. गट कोंडाळं करून बसतात, एखादी हुशार मुलगी वहीत संवाद उतरवून काढते, बाकीचे ते पाठ करतात. मग एकेक गट पुढे येतो, टाळ्या पडतात, शिक्षक ‘छान, पण आवाज मोठा हवा’ म्हणतात आणि घंटा होते. मुलांना मजा येते हे खरं. पण त्या तासात कुणी नाटक शिकलेलं नसतं. त्यातला एकही प्रवेश दुसऱ्यांदा खेळला जात नाही आणि अभिप्रायाचा उपयोग करायला कुणाला जागाच उरत नाही. म्हणून आजच्या भाषणात उत्स्फूर्त प्रवेशाच्या एकाच तासाची आखणी तपशिलात मांडली आहे. वर्ग आठवीचा, मुलं चाळीस, गट आठ, तासिका जोडून घेतलेल्या, म्हणजे हाताशी सत्तर मिनिटं.

पहिला प्रश्न आहे मुलांना द्यायचा काय. व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेनं १९३०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोत स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम केलं. भाषा निरनिराळ्या, वाचनाची सवय कमी. अशा मुलांसाठी त्यांनी नाट्यखेळ रचले आणि १९६३ साली त्यांचं पुस्तक केलं. त्या पुस्तकातली शिस्त साधी आहे. आपण कुठे आहोत, कोण आहोत आणि काय करतो आहोत, एवढं गटानं आधी ठरवायचं. ते कसं होईल हे मात्र ठरवायचं नाही, ते खेळतानाच सापडू द्यायचं. ‘पर्यावरण’ या विषयात यातलं काहीच नाही. ती निबंधाची सामग्री आहे. मुलं मग भाषणं करतात, आणि त्यात मुलांचा दोष नसतो.

आता हा प्रसंग पाहा. एस.टी. स्टँड, संध्याकाळ. गावाकडे जाणारी शेवटची गाडी लागलेली आहे, सुटायला पाच मिनिटं. आजोबांच्या हातात पिशवी आहे, त्यांना आजच गावी परतायचं आहे. नातीला त्यांना थांबवायचं आहे. का थांबवायचं, ते तिला माहीत आहे, पण तिला ते बोलून दाखवता येत नाही. बाकी गट स्टँडवरची माणसं.

यात जागा आहे, नातं आहे, दोघांच्या एकमेकांविरुद्ध जाणाऱ्या इच्छा आहेत आणि घड्याळ आहे. शेवट काय हे दिलेलं नाही, ते द्यायचंच नाही. कारण लपवण्याची अट सगळ्यांत महत्त्वाची आहे. ती काढली की नात पहिल्याच वाक्यात ‘आजोबा, तुमची तब्येत बरी नाही, जाऊ नका’ असं सांगून टाकते आणि खेळण्यासारखं काही राहत नाही. ती ठेवली की मुलीला हातपाय वापरावे लागतात. ती पिशवी उचलते, तिकीट लपवते, भूक लागल्याचं सांगते.

हा मार्ग आपल्याला परका नाही. कोकणातल्या दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान कोणतं, कोण कोणाची भूमिका करणार आणि कथा कशी सरकणार एवढं ठरतं, संवाद नट रंगमंचावर उभा राहून बोलतो. तमाशातली बतावणीही अशाच हजरजबाबीपणावर चालते. फरक इतकाच की दशावतारी नटाच्या मागे वर्षानुवर्षांचा कान आणि पुराणकथांचा साठा असतो. आठवीतल्या मुलाकडे तो नसतो, म्हणून त्याला दिलेला प्रसंग अधिक नेमका असावा लागतो.

प्रसंग दिला की गटाला बोलायला दोन मिनिटं, जास्त नाहीत. दहा दिली तर मुलं संवाद लिहायला बसतात. दोन मिनिटांनी सगळ्यांनी उभं राहायचं आणि आठही गटांनी एकाच वेळी आपापल्या कोपऱ्यात खेळायला लागायचं. गलका होतो, शेजारच्या वर्गातून तक्रार येते; पटांगण किंवा व्हरांडा मिळाला तर उत्तम. शिक्षकानं या वेळी फिरत राहावं आणि खेळ न थांबवता बाजूनं छोटी सूचना टाकावी: ‘पिशवीचं वजन दिसू दे’, ‘गाडी कुठे उभी आहे?’, ‘आता न बोलता थांबव’. सूचना म्हणजे भाषण नव्हे, चार-पाच शब्द पुरेत.

इथे दोन बिघाड हमखास होतात. पहिला, नाकारण्याचा. नात म्हणते, ‘आजोबा, तुमचा चष्मा घरीच राहिला.’ आजोबा झालेला मुलगा म्हणतो, ‘हा काय डोळ्यांवर आहे!’ वर्ग हसतो आणि नातीनं पुढे केलेली वस्तू हवेत विरते. कीथ जॉन्स्टन यांनी १९७९च्या ‘इम्प्रो’ या पुस्तकात याची फोड केली आहे: जोडीदार जे देतो ते स्वीकारलं की प्रवेश पुढे जातो, नाकारलं की जागच्या जागी मरतो. चष्मा राहिला हे आजोबांनी मान्य केलं असतं तर त्यांना गाडीची पाटी वाचता आली नसती, नातीला ती वाचून दाखवावी लागली असती, आणि ती खरं वाचते का हा प्रश्न उभा राहिला असता. मुलांना नियम सांगण्यापेक्षा हेच दोन तुकडे लागोपाठ खेळून दाखवावेत. दुसरा बिघाड हशा मिळवण्याचा. कुणीतरी दारुड्या बनून मध्ये शिरतो, टाळ्या घेतो आणि आजोबा-नात बाजूला पडतात. त्याला रागावू नये, काम द्यावं. स्टँडवरचा माणूस व्हायचं असेल तर त्याची स्वतःची अडचण काय, तो कोणत्या गाडीची वाट बघतोय, हे त्याला विचारावं.

आता अभिप्राय. साधं गणित करून पाहावं. आठ गट, प्रत्येकाचा दोन मिनिटांचा प्रवेश, त्यावर पाच मिनिटं चर्चा: छप्पन्न मिनिटं यातच गेली, शिवाय चर्चा तीन-चार बोलक्या मुलांत अडकली. म्हणून गटांच्या जोड्या लावाव्यात. एका गटानं खेळायचं, समोरच्यानं पाहायचं आणि बोलायचं, मग उलट. पंधरा मिनिटांत सगळ्यांना अभिप्राय मिळतो आणि प्रत्येक मूल बोलतं.

बोलायचं कसं, यासाठी अमेरिकन नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९०च्या सुमारास घडवलेली पद्धत शाळेत फार उपयोगी पडते. तिचे टप्पे चार. आधी पाहणाऱ्यानं मनावर ठसलेलं सांगायचं. मग कलाकारानं आपल्या कामाबद्दल विचारायचं. मग पाहणाऱ्यानं तटस्थ प्रश्न विचारायचे. आणि मत द्यायचं ते शेवटी, कलाकाराची परवानगी घेऊन. मुलांच्या बाबतीत सगळी कसोटी तिसऱ्या टप्प्यावर लागते. ‘नात एवढी ओरडत का होती?’ हा प्रश्न दिसायला प्रश्न आहे, पण त्याच्या पोटात ‘ओरडणं चुकलं’ हे मत दडलेलं आहे. समोरची मुलगी लगेच बचावाला उभी राहते. ‘आजोबांनी पाठ फिरवली तेव्हा नातीला काय हवं होतं?’ असं विचारलं तर ती विचार करते. मुलांकडून असे प्रश्न लगेच येत नाहीत. पहिल्या दोन-तीन तासांत शिक्षकाला फळ्यावर एक मतवाला प्रश्न लिहून सगळ्यांनी मिळून तो तटस्थ करून घ्यावा लागतो. हा वेळ वाया जात नाही.

पहिल्या टप्प्यालाही एक अट हवी: ‘छान’, ‘बोअर’, ‘भारी’ हे शब्द बंद, पाहिलेली कृती सांगायची. समजा एका मुलानं सांगितलं, ‘आजोबांनी पिशवी बाकावर ठेवली, तेव्हा मला वाटलं त्यांनाही जायचं नाहीये.’ खेळणाऱ्या मुलानं पिशवी ठेवली ती हात दुखला म्हणून. पण आता त्याच्या हातात काहीतरी आलं. दुसऱ्या फेरीत तो पिशवी ठेवतो, उचलतो, गाडीचा हॉर्न वाजतो, पुन्हा ठेवतो. वाक्यं निम्मी झाली तरी समोरच्यांना दुप्पट कळतं.

ही दुसरी फेरी तासाचा गाभा आहे. तिला किमान दहा मिनिटं राखून ठेवावीत आणि वेळ कमी पडला तर आधीच्या वॉर्म-अपमधून किंवा शेवटच्या सादरीकरणातून कापावा, यातून कापू नये. अट एकच: गटानं मिळालेल्या अभिप्रायातली एकच गोष्ट निवडून ती बदलायची. सगळं बदलायला निघालेला गट नवाच प्रवेश करतो आणि जुन्यातलं चांगलंही घालवतो. दुसऱ्या फेरीत मुलं नुसती मोठ्यानं बोलू लागली तर समजावं की अभिप्राय मोघम होता. एखादी जागा, वस्तू किंवा शांतता बदलली तर तो पोहोचला. शेवटी दोनच गटांनी वर्गासमोर खेळावं, आणि प्रत्येकानं वहीत दोन ओळी लिहाव्यात: काय बदललं आणि कोणाच्या बोलण्यामुळे. गुण द्यायचेच असतील तर या ओळींना द्यावेत. अभिनयाला गुण दिले की धीट मुलंच दर वेळी पुढे जातात.

एका धोक्याबद्दल मात्र मोकळेपणानं बोलायला हवं. विजय तेंडुलकरांच्या १९६७च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हौशी नटमंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात. संहिता नाही, सगळं उत्स्फूर्त. आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभं करतात, तेही त्यांच्याच नावानं. बघता बघता खेळाच्या आडून त्यांच्या खासगी आयुष्याची चिरफाड होते, आणि थांबवावं असं कुणाला वाटत नाही. तो नाट्यतासाच्या अगदी जवळचा प्रसंग आहे. वर्गातही मुलं एखाद्याच्या घरची परिस्थिती, जात, आईवडिलांचं भांडण खेळाच्या नावाखाली वर काढू शकतात. म्हणून तीन गोष्टी पाळायच्या. प्रवेशात कुणाचंही खरं नाव नाही. वर्गातली, शेजारची ओळखीची व्यक्ती पात्र म्हणून नाही. आणि कुणीही, कारण न सांगता, हात वर करून खेळ थांबवू शकतो. आजोबा-नातीच्या प्रसंगातही ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे त्या मुलाला स्टँडवरचा चहावाला होऊ द्यावं. ही चौकशी शिक्षकानं आदल्या दिवशीच करून ठेवायची.

येत्या काही आठवड्यांत शाळाशाळांतून बालनाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू होतील आणि नाट्याचे तास संहिता पाठ करून घेण्यात जातील. त्यापूर्वी प्रत्येकानं आपल्या वर्गात असा एक जोडतास घ्यावा, प्रसंग स्वतः लिहावा, आणि पुढच्या भेटीला येताना मुलांच्या वहीतल्या त्या दोन-दोन ओळी, मुलांची नावं झाकून, सोबत आणाव्यात. त्यावरच पुढची चर्चा करू.