पहिला बग, पहिला रिपोर्ट आणि रिकामा खिसा

मी मूळचा विट्याचा, पण वाढलो चेन्नईत. वडील गलाईच्या धंद्यासाठी इकडे आले. आज टी. नगरमधल्या माझ्या खोलीतून बोलतोय. खाली रंगनाथन स्ट्रीटची गर्दी आहे, मधूनमधून हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

बग बाउंटी म्हणजे कंपनीच्या परवानगीने तिच्या साइटमधली किंवा ॲपमधली सुरक्षेची चूक शोधायची, ती कंपनीला कळवायची आणि चूक खरी ठरली तर बक्षीस घ्यायचं. नवीन मुलं मला विचारतात, टूल कोणतं वापरू? मी त्यांना आधी याच शहरातली एक गोष्ट सांगतो.

चेन्नईच्या लक्ष्मण मुथैया यांनी 2019 मध्ये इन्स्टाग्रामची एक चूक शोधली. तेव्हा पासवर्ड विसरला की मोबाइलवर सहा आकडी कोड यायचा आणि तो दहा मिनिटं चालायचा. सहा आकडी म्हणजे एकूण दहा लाख शक्यता. सगळे कोड टाकून बघता येऊ नयेत म्हणून इन्स्टाग्रामने मर्यादा घातली होती. मुथैयांनी हजार रिक्वेस्ट पाठवल्या, तर सुमारे अडीचशे आत गेल्या आणि बाकीच्या अडल्या. ही मर्यादा प्रत्येक आयपी पत्त्याला वेगळी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. मग हजार पत्त्यांवरून एकाच वेळी त्यांनी दोन लाख रिक्वेस्ट पाठवून दाखवल्या. म्हणजे पाच हजार पत्ते असले की दहाही लाख कोड तपासून होतात. क्लाउड भाड्याने घेतला तर खर्च साधारण दीडशे डॉलर.

फेसबुकने त्यांना तीस हजार डॉलर दिले. पण पहिला रिपोर्ट गेला तेव्हा फेसबुकच्या टीमला ती चूक करून बघता आली नव्हती, कारण रिपोर्टमध्ये माहिती अपुरी होती. नंतर काही ईमेल झाले, व्हिडिओ पाठवला, तेव्हा त्यांना पटलं. इतक्या मोठ्या शोधाची ही कथा, तर आपली काय!

माझंच सांगतो. एका खरेदीच्या साइटवर मी माझीच दोन खाती काढली. पहिल्या खात्याने लॉगिन केलं आणि बिलाच्या पत्त्यातला नंबर बदलून दुसऱ्या खात्याच्या ऑर्डरचा टाकला:

```
GET /orders/1042/invoice
```

दुसऱ्या खात्याचं बिल, नाव-पत्त्यासकट, समोर आलं. आनंदाच्या भरात मी लिहिलं, "तुमच्या साइटवर कोणाचंही बिल दिसतं, फार गंभीर आहे." एवढंच. ना कोणतं खातं, ना कोणती रिक्वेस्ट. त्यांना ती चूक करून बघता आली नाही आणि रिपोर्ट बंद झाला. मी नीट लिहून पुन्हा पाठवला, तोवर दुसऱ्या कोणीतरी तीच चूक स्वच्छ लिहून दिली होती. मला 'डुप्लिकेट' असा शिक्का मिळाला. पैसे शून्य. चूक माझीच होती.

वडील भट्टी पेटवण्याआधी गिऱ्हाइकासमोर सोन्याचं वजन करून लिहून ठेवायचे. रिपोर्टचंही तसंच आहे. आधी एका ओळीत चूक काय ते लिहा. मग पायऱ्या: 'अ' खात्याने लॉगिन केलं, 'ब'चा ऑर्डर नंबर टाकला, ही रिक्वेस्ट पाठवली. मग काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. शेवटी नुकसान: कोणाची कोणती माहिती कोणाला दिसते. पाठवण्याआधी ब्राउझर नव्याने उघडून आपल्याच पायऱ्या जशाच्या तशा करून बघा. तुम्ही स्वतःच कुठे अडलात, तर वाचणारा नक्की अडणार.

आता प्रोग्रॅम कसा निवडायचा? पहिली गोष्ट स्कोप वाचायची. कोणतं डोमेन तपासायला परवानगी आहे आणि काय करायला मनाई आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. परवानगी नसलेल्या साइटवर हात घातला तर आपल्याकडे 2000 सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा लागू होतो, मग हेतू चांगला होता हे सांगत बसावं लागतं. चाचणी फक्त स्वतःच्या खात्यांवर करायची. नावाजलेल्या जुन्या प्रोग्रॅमवर हजारो लोक आधीच फिरून गेलेले असतात, तिथे नवख्याच्या वाट्याला डुप्लिकेटच जास्त येतात. काही प्रोग्रॅम पैसे देत नाहीत, फक्त आभार मानतात. तिथे गर्दी कमी असते आणि रिपोर्ट लिहायचा हात बसतो. मी एकच ॲप निवडून महिनाभर तेच वापरत बसलो, तेव्हा कुठे मला त्यातलं काही कळायला लागलं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. मला पहिले सात महिने एक रुपया मिळाला नाही. दिवसा नोकरी करायचो, रात्री दोन तास हे. म्हणून नोकरी सोडून यात येऊ नका आणि घरभाडं याच्यावर धरू नका. एक वही ठेवा: किती तास दिले, कोणता रिपोर्ट कोणत्या कारणाने बंद झाला. माझ्या वहीत 'डुप्लिकेट' वाढत गेले आणि 'करून बघता आलं नाही' कमी होत गेले, तेव्हा मला कळलं की गाडी रुळावर आहे. डुप्लिकेट म्हणजे चूक खरी होती, फक्त आपल्याला उशीर झाला.

तर आज रात्री टूल डाउनलोड करू नका. एका प्रोग्रॅमचं स्कोपचं पान शेवटपर्यंत वाचा आणि स्वतःची दोन खाती काढा. पुढच्या भागात भेटू.