शिळा भात आणि रक्तातली साखर



मधुमेह म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. थेट फोडणीच्या भाताकडे येते. (हशा) हसा, पण गेल्या वर्षभरात मला सर्वाधिक विचारलेला प्रश्न हाच आहे: भात फ्रिजमध्ये ठेवून गरम केला तर साखर कमी वाढते का?

वाढते, थोडी कमी. भात शिजताना स्टार्च फुगून मोकळा होतो. गार होताना त्यातल्या अमायलोजच्या साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात आणि तेवढा भाग लहान आतड्यात पचत नाही. भात परत गरम केल्यावरही ही जुळणी बरीचशी टिकते. चिकट तांदळात अमायलोज कमी, म्हणून तिथे लाभही कमी.

इंडोनेशियातला 2015 चा अभ्यास पाहा. ताज्या भातात दर 100 ग्रॅममागे 0.64 ग्रॅम न पचणारा स्टार्च होता. 4 अंशांवर 24 तास ठेवून गरम केलेल्या भातात तो 1.65 ग्रॅम झाला. 15 निरोगी माणसांत साखरेची एकूण वाढही सुमारे 18 टक्क्यांनी कमी भरली. पण ती माणसं निरोगी होती आणि दोन्ही वेळा भाताचं माप तेच होतं, हे विसरू नका.

आता एका काकूंची गोष्ट. थोडक्यात सांगणार होते, पण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे. त्या रोज शिळा भात खायला लागल्या आणि जेवणानंतरची साखर वाढली. मी म्हटलं, ताटातला भात काट्यावर ठेवा. आधी 150 ग्रॅम भात घ्यायच्या, आता 250. “आता चालतो ना!” असं त्यांचं म्हणणं. 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे 42 ची 70 झाली. थंडाव्यामुळे न पचणारा स्टार्च वाढला तो अडीच ग्रॅम. अठ्ठावीस ग्रॅम आत आले, अडीच वाचले!

मागून कुणी म्हणतंय, “बाई भात बंद करायला सांगणार.” नाही हो, मी स्वतः कोकणातली. भात बंद करा, असं मी कधीच म्हटलेलं नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. दोन धोके सांगून थांबते. भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही जगतात आणि त्याचं उलटी करवणारं विष पुन्हा गरम करून जात नाही. भात पसरट भांड्यात तासाभरात निववून फ्रिजमध्ये ठेवा. दुसरं, जेवणाआधी इन्सुलिन घेणाऱ्यांनी नेहमीच्या डोसवर असा भात खाल्ला तर साखर फार खाली जाऊ शकते. टाइप 1 च्या रुग्णांत तसं दिसलं आहे. डॉक्टरांना आधी विचारा.

भात ताजा घ्या की शिळा, वाटी तीच ठेवा. एवढं आजच्या रात्रीपासून करा.