पंप पाहिजे, पण का? मुलुंडच्या सोसायटीत लिहिलेली दोन पत्रं

लोकलच्या दारात उभे असाल तर जरा आत सरका, मग ऐका. आजचा किस्सा पाण्याच्या पंपाचा आहे आणि त्यात माझी फजिती आहे.

मुलुंड पूर्वेला आमची सात मजल्यांची इमारत, चाळीस फ्लॅट. खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवणारा पाच हॉर्सपॉवरचा पंप चौदा महिन्यांत तीन वेळा जळला. मी कमिटीत नवा, वयाने सगळ्यात लहान. नवा पंप हवा होता, किंमत 62 हजार. पण आदर्श उपविधींप्रमाणे 26 ते 50 सदस्यांच्या सोसायटीत कमिटी दुरुस्ती-देखभालीवर एका वेळी 50 हजारांपर्यंतच खर्च करू शकते. त्यापुढे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. कुणीतरी हळूच सुचवलं, 'दोन बिलं करू, एक पंपाचं, एक फिटिंगचं.' असं करू नका. ऑडिटमध्ये सापडतंच, आणि त्याआधी शेजाऱ्यांना कळतं.

मग मी पत्र लिहिलं. चार ओळी: पंप जुना आहे, वारंवार बिघडतो, नवा न घेतल्यास टँकरवर प्रचंड खर्च होईल, कृपया मंजुरी द्यावी. सभेत दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. 'बाळा, टँकर पाणी कुठे ओततो? खालच्या टाकीत. मग ते वर कोण चढवणार?' सगळे हसले. पंपच बंद असेल तर टँकरचा उपयोग काय! काकांचा दुसरा प्रश्न जास्त बोचरा होता: 'तीनदा जळला तो का जळला? उद्या नवाही जळेल.' माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय पुढे ढकलला.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. थ्री फेज मोटरचा एक फेज गेला तरी ती उरलेल्या दोनवर चालत राहते, तापते आणि वायंडिंग जळतं. अशा वेळी मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर आमच्या पॅनलमध्ये नव्हताच. तो बसवायचा खर्च चार हजार. म्हणजे माझ्या पहिल्या पत्राप्रमाणे नवा पंप आणला असता, तर काकांचं भाकीत खरं ठरायला एक फेज जाणं पुरलं असतं.

मग पुन्हा वायंडिंग करून फक्त प्रिव्हेंटरच का लावू नये? एकूण 13 हजारांत काम. खरं सांगतो, इथे मीच डगमगलो. उत्तर मिळालं वॉचमनच्या वहीत. पंप चालू-बंद केल्याची वेळ तो रोज लिहितो. दोन वर्षांपूर्वी वरची टाकी पन्नास मिनिटांत भरायची, आता एक तास चाळीस मिनिटं लागतात. मोटर नीट, पाइप गळत नाही, व्हॉल्व्ह ठीक. झिजलंय ते पाणी ढकलणारं आतलं चक्र, इम्पेलर. त्या जुन्या मॉडेलचा तो भाग मेकॅनिकला बाजारात मिळाला नाही.

आता हिशोब. दिवसातून दोनदा पंप, म्हणजे रोज शंभर मिनिटं जास्त. पाच हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 3.7 किलोवॉट, म्हणून रोज सहा युनिट वाया. आमच्या बिलात युनिट सगळं धरून दहाच्या आसपास पडतं, तर महिन्याला 1,800, वर्षाला जवळपास 22 हजार. हे पैसे कुणाच्या नजरेत येत नव्हते, कारण ते मेंटेनन्समध्ये मुरत होते. शिवाय तीन वेळच्या दुरुस्त्या आणि तेवढ्या दिवसांचा भाड्याचा पंप मिळून 27 हजार गेले होते. ही रक्कम मी न घेण्याच्या खर्चात धरली नाही. प्रिव्हेंटर लावला की ती जुन्या पंपावरही वाचणार होती, आणि काकांनी हे पकडलंच असतं.

दुसरं पत्र एका पानाचं झालं. वर गरज: टाकी भरायला दुप्पट वेळ, वहीच्या दोन पानांची झेरॉक्स सोबत. मग खर्च: पंप फिटिंगसह 58 हजार, प्रिव्हेंटर चार हजार, तीन कोटेशन जोडली, पैसे दुरुस्ती निधीतून, वेगळी वर्गणी नाही. मग नाकारलेले पर्याय, प्रत्येकाला एक ओळ. तीन हॉर्सपॉवरचा पंप 15 हजारांनी स्वस्त, पण टाकी पुन्हा उशिरा भरणार. तेरा हजारांचा पर्यायही लपवला नाही. तो मोटर वाचवतो, वीज नाही, असं लिहिलं. शेवटी न घेण्याचा खर्च: वर्षाला 22 हजारांची वीज. म्हणजे पंपाचे पैसे तीनेक वर्षांत वसूल.

सभेत काकांनी झेरॉक्स चष्म्याजवळ धरून दोन्ही पानं वाचली. मग विचारलं, 'प्रिव्हेंटर आधी बसणार की पंप?' मी म्हटलं, 'एकाच दिवशी, पण पॅनल आधी.' त्यांनीच अनुमोदन दिलं.

परवा वही पाहिली. टाकी 48 मिनिटांत भरली होती. चला, भेटू पुढच्या भागात.